ताटावरची चकाकी जावी, पण कोरलेलं नाव राहावं

प्रश्न: आमचं नागपूरच्या इतवारीत भांड्यांचं लहान दुकान आहे. लग्नात भेट द्यायला आणि संक्रांतीच्या वाणासाठी आम्ही स्टीलच्या ताटांवर, तांब्यांवर मशीनने नाव कोरून देतो. थोडे नक्षीचे चांदीचे करंडेही ठेवतो. आता बऱ्याच ऑर्डरी मोबाईलवरच येतात. साधा फोटो काढला की ताटावर पांढरा डाग येतो आणि बाजूचं सगळं काळं पडतं. म्हणून पांढऱ्या कापडाचा लाइट टेंट आणला. चकाकी गेली, पण कोरलेलं नावही गेलं. कॅमेरा नाही, मोबाईलच आहे. काय करू, ताई?

उत्तर:

भाऊ, ताटावरचं नाव टेंटमुळेच गेलं. मोबाईलचा यात काही दोष नाही. ताट खिडकीसमोर अशा रीतीने ठेवा की खिडकी ताटाच्या पलीकडे आणि तुम्ही अलीकडे. खिडकीवर बटर पेपर लावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना व वर काळा चार्ट पेपर उभा करा. एवढ्यानं निम्म्याहून जास्त काम होईल. उरलेलं काम हे कागद नेमके कुठे असावेत ते ठरवण्याचं आहे. ते समजायला भांडं काय करतं हे आधी बघावं लागेल.

घासलेलं स्टील म्हणजे आरसाच. लाकडाचा किंवा कापडाचा फोटो काढताना आपण वस्तूवर प्रकाश टाकतो आणि वस्तूचा रंग दिसतो. स्टीलला दाखवायला असा स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. त्याच्यात समोरचं जे दिसतं, तोच त्याचा रंग. तुमच्या फोटोतला पांढरा डाग म्हणजे ट्यूबलाइटचं किंवा शटरच्या उघड्या दाराचं प्रतिबिंब आहे, आणि बाजूचा काळा भाग म्हणजे दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याचं. इतवारीच्या अरुंद गल्लीत तर समोरच्या दुकानात टांगलेली लाल साडीसुद्धा ताटाच्या काठावर लाल पट्टा होऊन येते. म्हणून प्रकाश किती आहे याआधी ताट कशाकडे बघतंय ते बघायचं.

आता कोरलेलं नाव. मशीनचं टोक पत्र्यात बारीक खाच पाडतं. खाचेचा रंग वेगळा नसतो, तेही स्टीलच. फरक एवढाच की खाचेची भिंत तिरपी असते, म्हणून सपाट ताट जिकडे बघतं त्यापेक्षा ती दुसरीकडे बघते. सपाट भागात पांढरा कागद दिसत असेल आणि खाचेच्या भिंतीत काळा कागद, तर अक्षर काळं उमटतं. दोघांतही पांढरंच दिसत असेल, तर अक्षर नाहीच. टेंटमध्ये चारही बाजू आणि छत पांढरं असतं, त्यामुळे खाच कुठेही वळून बघो, तिला पांढरंच सापडतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत एका चांदीच्या दुकानाचे चाळीसेक करंडे मी टेंटमध्ये शूट केले. एकही डाग नव्हता, सगळं दुधासारखं आलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. मालकांनी पहिले दोन-तीन फोटो बघितले आणि म्हणाले, "ताई, करंडे सुंदर दिसून राहिले, पण नक्षी तर दिसूनच नाही राहिली. याचे पैसे तर नक्षीचेच आहेत ना?" सगळे करंडे पुन्हा काढून दिले. तेव्हापासून चकाकी घालवायची गोष्टच मी सोडली. ती कुठे पडावी हे मी ठरवते.

आता एक ताट घेऊन पूर्ण मांडणी सांगते. ताट १२ इंची, मधोमध नाव कोरलेलं.

टेबल खिडकीला लावा. सकाळी नऊ-दहाची वेळ चांगली, गिऱ्हाइकांची गर्दी व्हायच्या आत. खिडकीत थेट ऊन येत नसेल तर उत्तमच. खिडकी नसेल तर दुकानात एक मोठा एलईडी दिवा घ्या आणि बटर पेपरच्या मागे दीड-दोन फुटांवर ठेवा. बटर पेपर लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ताणून लावला की कायमचा होतो. तो २ फूट रुंद आणि ३ फूट उंच असू द्या. घरी पांढरं धोतर असेल तर तेही चालतं, फक्त सुरकुती नको, कारण प्रत्येक सुरकुती ताटात दिसते. ताटाच्या मागे साधारण दीड फुटावर ही चौकट जरा पुढे झुकवून उभी करा. मोबाईल ताटाच्या अलीकडे ३ फुटांवर, स्टँडवर, ताटाकडे ४५ अंशांत वरून बघणारा. जवळ जाऊन काढू नका. लांबून, मोबाईलची २ पट झूमची लेन्स असेल तर तिनं काढा. जवळून काढलं की पुढचा काठ फुगतो, मागचा आकसतो, आणि तुमचा हात ताटात दिसतो.

चौकट बरोबर जागी आहे का, हे अंदाजानं ठरवू नका. बायकांच्या पर्समध्ये असतो तसा छोटा सपाट आरसा घ्या आणि ताटावर नावाच्या जागी ठेवा. मोबाईलच्या पडद्यावर बघा. आरशात बटर पेपर दिसतो का? भिंत किंवा पंखा दिसत असेल तर चौकट हलवा. मग आरसा ताटाच्या डाव्या, उजव्या, पुढच्या आणि मागच्या काठापाशी सरकवून बघा. सगळीकडे आरसा पांढरा दिसला की ताटाचा सपाट भाग पांढराच येणार. या मांडणीत १२ इंची ताटाला साधारण १९ इंच रुंदीचा पांढरा भाग लागतो, म्हणून २ फुटांचा कागद पुरतो.

इथेच बहुतेक जण चुकतात. कागद मोठा तितका प्रकाश मऊ आणि मऊ तितका चांगला, असं सगळीकडे सांगितलं जातं. चेहऱ्याच्या फोटोला ते बरोबर आहे. कोरलेल्या ताटाला नाही. उताराचं गणित असं की पत्रा जितका तिरपा होतो, प्रतिबिंब त्याच्या दुपटीनं सरकतं. खाचेची भिंत ५ अंश तिरपी असेल तर ती सपाट भागापेक्षा १० अंश बाजूला बघते. दीड फुटावर १० अंश म्हणजे साधारण ३ इंच. म्हणजे उथळ खाच फक्त तीनेक इंच बाजूला बघतेय. तिथेही पांढरा कागदच असेल तर तिला काळं दिसणार कुठून? खोल कोरलेल्या खाचेची भिंत २० अंश किंवा त्याहून जास्त तिरपी असते, तिची नजर फूटभर बाजूला जाते. तिला काळं दिसावं म्हणून कागद सपाट ताट पांढरं दिसण्यापुरताच रुंद ठेवायचा आणि तो संपतो तिथून काळा चार्ट पेपर सुरू करायचा. कागद चार फुटांचा केला तर खोल कोरीव नावही फिकं पडतं.

उथळ कोरलेलं असेल तर आणखी एक युक्ती लागते, आणि मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली तीच आहे. काळ्या कागदाची दोन-अडीच इंचांची पट्टी बटर पेपरवरच लावा आणि ती ताटात नावाच्या अगदी शेजारी, अर्ध्या इंचावर दिसेल अशी सरकवा. पांढऱ्या-काळ्याची सीमा नावाच्या जवळ आली की पत्र्यातला किंचित उतारसुद्धा सीमा ओलांडतो आणि अक्षर एकदम उठून दिसतं. पट्टी नावाच्या अंगावर मात्र आणू नका, नाहीतर काळ्यावर काळं होऊन अक्षरं बुडतील. पट्टीची कड धारदार दिसत असेल तर पट्टी कागदाच्या पुढे न लावता मागे, दिव्याच्या बाजूला लावा आणि कागदापासून दोन-तीन इंच दूर धरा. सावली पडते आणि पांढऱ्यातून करड्यात हळूहळू उतरणारी छटा मिळते. स्टील डोळ्याला स्टील वाटतं ते याच छटेमुळे. अख्खं पांढरं ताट ॲल्युमिनियमसारखं निर्जीव दिसतं.

आता देवनागरीची एक खास अडचण. मशीनचे ठिपके अगदी लागून पडले की त्यांची सलग खाच होते, आणि सलग खाचेला दिशा असते. काना उभा असतो, त्याच्या भिंती डावी-उजवीकडे बघतात. तिथे तुम्ही काळे कागद लावलेत, त्यामुळे काना झकास दिसतो. शिरोरेघ आडवी असते. तिची एक भिंत छताकडे बघते आणि दुसरी खाली, ताटामागच्या टेबलाकडे. दुकानाचं छत पांढरं आणि ट्यूबलाइट चालू असेल, टेबलावर पांढरी चादर असेल, तर शिरोरेघेला दोन्हीकडे पांढरंच दिसतं. फोटोत नाव असं येतं की अक्षरं लटकलेली आहेत आणि वरची रेघच गायब. अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि कोरणाऱ्यालाच बोल लावतात.

याला दोन उपाय आहेत. पहिला, ताटाच्या वर फूट-दीड फुटावर काळा चार्ट पेपर आडवा धरा. मोबाईल आणि ताट यांच्या मध्ये तो येणार नाही आणि बटर पेपरही झाकणार नाही, एवढं बघा. छताकडे बघणारी भिंत काळी होते आणि शिरोरेघ परत येते. दुसरा, ताटच थोडं फिरवा, २०-३० अंश, म्हणजे नाव तिरकं दिसेल. मग उभी रेघ पूर्ण उभी राहत नाही आणि आडवी पूर्ण आडवी राहत नाही, दोघींनाही बाजूच्या काळ्याचा वाटा मिळतो. वाणाच्या ताटांचे फोटो मी बहुतेक असे तिरकेच काढते, सोबत हळदी-कुंकवाची कुयरी ठेवली की तिरकेपणा मुद्दाम केल्यासारखा छान दिसतो. ट्यूबलाइट आणि बल्ब मात्र दोन्ही वेळा बंदच ठेवा. खिडकीचा प्रकाश निळसर आणि पिवळ्या बल्बचा पिवळा, हे दोन्ही एकाच ताटात आले तर ताटावर डाग पडल्यासारखं दिसतं आणि ते नंतर काही केल्या निघत नाही. तुमचा शर्टही काळा किंवा करडा असू द्या.

बारीक जुळवणी करायला चौकट पुन्हा पुन्हा हलवू नका, ताटच हलवा. मागच्या काठाखाली कणकेचा लहान गोळा ठेवा आणि बोटानं दाबत जा. ताट १ अंश कललं की प्रतिबिंब २ अंश सरकतं, म्हणून हलक्या दाबानंही पडद्यावर मोठा फरक दिसतो. अक्षरं सगळ्यात गडद दिसली की थांबा.

नाव सुट्या ठिपक्यांनी कोरलेलं आणि फारच हलकं असेल, तर जवळच्या फोटोसाठी उलट मांडणी करून बघा. बटर पेपरच्या जागी काळा चार्ट पेपर उभा करा, म्हणजे ताट काळं होईल. मग एक छोटा दिवा डावीकडून खाली, जवळजवळ टेबलाच्या उंचीवर ठेवा, ताटाला घासून जाईल असा. सपाट पत्रा तो प्रकाश मोबाईलकडे न पाठवता पलीकडे फेकतो, पण प्रत्येक ठिपक्याच्या कडेवर एक बारीक चमक उठते. काळ्यावर रुपेरी कण रचल्यासारखं नाव दिसतं. हा फोटो जाहिरातीत पहिला लावू नका, भांडं काळं आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या जागी, नुसतं नाव दाखवायला लावा. या मांडणीत प्रत्येक ओरखडा आणि धुळीचा कणही नावासारखाच चमकतो, म्हणून नवं कोरं ताट घ्या. लेसरनं केलेल्या गडद, खरखरीत अक्षरांना यातलं काही लागत नाही. ती पांढऱ्या मांडणीत आपोआप काळी दिसतात.

फोटो फाटलेला, धूसर येतो त्याचं कारण बहुधा प्रकाशात नसतं, फोकसमध्ये असतं. ताट आरसा आहे, म्हणून मोबाईल अनेकदा ताटावर फोकस न करता ताटातल्या प्रतिबिंबावर करतो. प्रतिबिंब ताटाच्या पृष्ठभागावर नसतं. कागद ताटापासून दीड फूट मागे असेल तर त्याचं प्रतिबिंब ताटाच्या पलीकडे तेवढंच खोल असतं. मोबाईलनं त्या कागदाची कड पकडली की कड धारदार आणि नाव पुसट. ओळखायची खूण हीच: फोटो मोठा करून बघा, ताटात दिसणारी कागदाची कड किंवा खिडकीचा गज स्पष्ट आणि अक्षर मऊ असेल तर फोकस प्रतिबिंबावर गेलाय. यावर मी करते ते असं. वर्तमानपत्राचा बारीक छपाईचा तुकडा नावावर सपाट ठेवते, पडद्यावर त्याच्यावर बोट दाबून धरते म्हणजे फोकस तिथे कुलूपबंद होतो, मग मोबाईल न हलवता तुकडा काढून घेते आणि फोटो काढते. बटण बोटानं दाबू नका, २ सेकंदांचा टायमर लावा.

मॅक्रोच्या मोहात पडू नका. बऱ्याच मोबाईलमध्ये मॅक्रो म्हणजे रुंद कोनाची लेन्स असते, तिला तीन-चार सेंटीमीटरवर जावं लागतं. एवढ्या जवळ मोबाईलच ताटात काळा ठोकळा होऊन दिसतो आणि तुमची सगळी मांडणी झाकतो. त्यापेक्षा दीड-दोन फुटांवरून झूमनं काढा आणि नावाभोवती कातरा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो काठ चुकीचे ओळखून नक्षीच धूसर करतो.

आणि उन्हाळ्यात नागपुरात एक गोष्ट विसरू नका: फोटो काढताना कूलर बंद करा. कूलरच्या वाऱ्यानं बटर पेपर फडफडतो आणि ताटातली छटा प्रत्येक फोटोत वेगळी येते. टेबलही बारीक थरथरतं. कूलर अगदी जवळ असेल तर पाण्याचे तुषार ताटावर बसतात, वाळले की खारे ठिपके राहतात आणि ते पांढऱ्या मांडणीत गुलालासारखे उठून दिसतात. दहा मिनिटं घाम गाळायचा आणि काम उरकायचं.

उजेडाबद्दल एवढंच की पडदा पांढरा भरलेला बघून मोबाईल घाबरतो आणि फोटो मुद्दाम अंधारा करतो, ताट मळकट करडं येतं. बोटानं नावावर टेकवून सूर्याची खूण थोडी वर सरकवा. फार वर नको. पांढरा भाग कागदासारखा पांढरा दिसावा, पण त्यात ताटाची पॉलिशची बारीक गोल रेघ अजून जाणवावी. ती रेघ गेली की समजा जास्त झालं, आणि मग नावाच्या बारीक कडाही त्यातच विरघळतात. तुम्ही पुढेमागे कॅमेरा घेतलात तर लेन्सचं छिद्र f/11 च्या आसपास ठेवा. अगदी जवळून काढताना ते आणखी लहान, f/16, f/22 केलं तर सगळं फोकसमध्ये येतं, पण अक्षराची धार बोथट होते.

तांब्याचं प्रकरण ताटापेक्षा अवघड आहे. गोल पोट जवळजवळ अख्खी खोली बघतं, म्हणून एक कागद पुरत नाही, आणि पोटाच्या मधोमध तुम्ही व मोबाईल दिसणारच. तो ठिपका पूर्ण घालवता येत नाही, लहान करता येतो. ४ फूट लांबून झूमनं काढा, काळे कपडे घाला आणि खोलीचा मागचा भाग अंधारात ठेवा, म्हणजे मधली पट्टी गडद राहील. डावीकडे बटर पेपरची उंच, अरुंद चौकट तांब्याजवळ आणा. पोटावर वरपासून खालपर्यंत एक उभा पांढरा पट्टा उमटेल. उजवीकडे पांढऱ्या सनबोर्डचा तुकडा उभा केला की दुसरा फिका पट्टा मिळतो आणि तांब्या गोल दिसतो. आता महत्त्वाचं: नाव समोर, मधोमध ठेवू नका. तिथे काळं आहे. तांब्या थोडा फिरवा, म्हणजे नाव डाव्या पांढऱ्या पट्ट्यात बसेल. लांब नाव पट्ट्यात मावत नसेल तर चौकट तांब्याच्या आणखी जवळ आणा, पट्टा रुंद होतो. ‘सप्रेम भेट’ची दोन-तीन ओळींची मजकुराची कोरणी एका फोटोत वाचता येईलच असं नाही. दोन फोटो काढा आणि दोन्ही द्या, गिऱ्हाईक समजून घेतं.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. एक पोलरायझर फिल्टर. पाण्यावरची, काचेवरची चमक तो कमी करतो, म्हणून विकणारे धातूसाठीही सुचवतात. साध्या प्रकाशात धातूची चमक त्यानं फारशी हटत नाही. दिव्यावरही तशीच फिल्म लावली तर हटते, पण मग स्टीलकडे दाखवायला काही उरत नाही आणि भांडं कोळशासारखं काळवंडतं. दुसरी गोष्ट म्हणजे चमक घालवायचे स्प्रे किंवा पावडर. ते खाचेत जाऊन बसतात आणि कोरणी भरून टाकतात, शिवाय ज्या ताटात कुणी जेवणार ते असल्या फवाऱ्यानं माखणं मला पटत नाही. काही जण खाचेत काजळ भरून नाव गडद करतात. तेही करू नका. गिऱ्हाइकाच्या हातात फोटोसारखं ताट पडलं नाही तर ते ताट परत येतं.

स्वच्छतेत मात्र कंजुषी नको. ताट साबणानं धुऊन लगेच मऊ सुती कापडानं कोरडं करा, खारं पाणी वाळू देऊ नका. नंतर कडेनंच धरा, शक्य असेल तर सुती हातमोजे घाला. बोटांचे ठसे पांढऱ्या मांडणीत राखाडी ढगासारखे दिसतात. नावाच्या खाचेत चमकवायची पूड अडकलेली असेल तर ती वाळून पांढरी होते आणि काळं दिसायला हवं ते अक्षर पांढरं करून टाकते. जुन्या मऊ टूथब्रशनं खाचेच्या दिशेनं झटका.

चांदीच्या करंड्यांना याच्या उलट. नक्षीच्या खोलगट भागात साचलेला काळेपणा घासून काढू नका. वेलीची पानं जमिनीपासून वेगळी दिसतात ती त्याच्यामुळे. वरचा उंच भाग तेवढा मऊ कापडानं उजळवा. मांडणी लहान करा. बटर पेपरचा शंकूसारखा कोन गुंडाळून करंड्यावर उभा करा आणि वरच्या भोकातून मोबाईलनं बघा. बाहेरून एकाच बाजूनं दिवा लावा. दिव्याकडची बाजू उजळ आणि पलीकडची मंद राहते, त्यामुळे कोन टेंटसारखा एकसारखा पांढरा होत नाही. मग कोनाच्या आत, पलीकडच्या बाजूला बोटभर रुंदीच्या काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवा, एक उभी आणि एक आडवी. करंडा हळूहळू फिरवत पडद्यावर बघा. एका ठिकाणी पानांच्या शिरा अचानक मोजता येण्याइतक्या उघड होतात. तिथे थांबून चार-पाच फोटो घ्या, प्रत्येकात करंडा केसभर फिरवून. झाकण उघडं ठेवून आतली गुळगुळीत बाजू दाखवायची असेल तर आतल्या बाजूला पांढऱ्या कागदाचा तुकडा असा धरा की तो फोटोत न येता झाकणात दिसेल, नाहीतर झाकणाच्या आत मोबाईलची लेन्स डोळ्यासारखी बघत बसलेली दिसते.

आणि फोटो पाठवण्याआधी तो दुकानातल्या अशा माणसाला दाखवा ज्यानं ते ताट पाहिलेलं नाही. मोबाईल हातभर लांब धरून त्याला नाव वाचायला सांगा. तो पहिलंच अक्षर चुकला तर शिरोरेघ बघा. शेवटचं चुकला तर त्या बाजूची काळी पट्टी अर्धा इंच आत घ्या.